अनुकूल बाजू

वादविवादाच्या विषयाची चिठ्ठी त्याच्या संघातल्या मुलीनं, तोफेनं, उचलली. घडी उलगडून तिनं ती वाचली आणि त्याच्यापुढे धरली. ‘खोटं बोलणं कधीही समर्थनीय नसतं. बाजू : अनुकूल.’ कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला लागून त्याला बावीस वर्षं झाली होती, त्यातली सतरा वादविवादाचा संघ तयार करण्यात गेली होती, आणि एवढ्या काळात अशा शेकडो चिठ्ठ्या त्याच्या हातून गेल्या होत्या. युद्ध हवं की नको, यंत्र शाप की वरदान. एकाही विषयाचा त्याच्या अंगाला कधी स्पर्श झाला नव्हता. उलट तो मुलांना सांगायचा की बाजू म्हणजे अंगरखा, चढवायचा, उतरवायचा, कातडी समजायची नाही. पण ही चिठ्ठी वाचताना त्याच्या कानामागून काहीतरी गार सरकत मानेपर्यंत गेलं. त्यानं मान चोळली. खिडकी उघडी असेल म्हणून पाहिलं. बंद होती.

“मेलो आपण, सर,” तोफ म्हणाली. “तो ‘कधीही’ बघा ना. समोरच्यानं एक उदाहरण दिलं की आपला बाजार उठला.”

“म्हणूनच सोपी आहे. ज्याला दहा दारं राखायची असतात त्याच्याकडे चोर शिरतो. तुला एकच राखायचंय.”

हे तो बोलला खरा, आणि बोलताना त्याला नेहमीसारखी ती बारीक, खाजगी मजाही वाटली. अवघड बाजू आली की त्याची बुद्धी धार लावलेल्या विळीसारखी सावध व्हायची. तोफ दुसऱ्या वर्षाला होती. उंची जेमतेम, हातपाय काड्या, आणि त्या एवढ्याशा देहातून असा आवाज निघायचा की मागच्या बाकावर झोपलेला माणूस खडबडून उठायचा. म्हणून तोफ. स्पर्धा शनिवारी होती. कॉलेजच्या सभागृहात रंगकाम चाललं होतं, वर्गात गोंगाट असायचा, तेव्हा दुपारी आपल्या घरीच ये असं त्यानं तिला सांगितलं. सांगताना त्याला दुसरं काही सुचलं नाही. पुढे त्यानं अनेकदा आठवून पाहिलं, की ग्रंथालयाची मागची खोली होती, जिन्याखालची जागा होती, चहाच्या दुकानाचा माळाही होता. मग घरीच का? माणूस आपल्या पायावर धोंडा मारून घेतो तेव्हा धोंडा तोच उचलून आणतो, आणि आणताना कुठल्यातरी दुसऱ्याच विचारात असतो.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी आईची खुर्ची. आईला चौऱ्याहत्तरावं सरत होतं. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, आणि ती त्यातून उठते न उठते तोच डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध एक करडा डाग बसला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. दार दिसे, दारातला माणूस दिसत नसे. पण कान असे तिखट की खालच्या मजल्यावर कुणी डबा उघडला तर कुठला ते सांगायची. तोफ तिला पहिल्याच दिवशी आवडली. “हिचा आवाज मला दिसतो,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती परीक्षक झाली. तिच्या मांडीवर स्टीलची वाटी आणि चमचा. पाचव्या मिनिटाला एक ठोका, सातव्याला दोन. घड्याळ तिला दिसत नसे. मनातल्या मनात साठ साठ मोजून ती वाटी वाजवायची, आणि तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त कधी चुकली नाही.

पहिले दोन दिवस व्याख्येतच गेले. त्याचं म्हणणं, वाद व्याख्येत जिंकला जातो, पुढचं सगळं हमाली. “खोटं म्हणजे काय ते आधी कुंपण घालून सांग. जे आपल्यालाच खरं वाटत नाही, ते दुसऱ्यानं खरं मानावं म्हणून सांगणं. एवढंच. यातून काय काय बाहेर पडलं?”

तोफ बोटं मोडत म्हणाली, “चूक बाहेर. नाटक, गोष्ट, थट्टा बाहेर. कारण तिथे कुणाला खरं वाटावं अशी इच्छाच नसते. गप्प राहणं बाहेर. ‘सांगणार नाही’ म्हणणं बाहेर.”

“आणि नरो वा कुंजरो वा?”

“ते आत. शब्द खरे असले तरी फसवायलाच वापरलेत.”

“शाब्बास. पळवाट आपणच बुजवली की परीक्षक आपल्यावर विश्वास टाकतो. आता सिद्ध करायचं ओझं कुणावर? समोरचा म्हणेल, अमुक ठिकाणी खोट्यामुळे भलं झालं. तू म्हणायचं, भलं झालं हे पुरेसं नाही. खोट्यावाचून दुसरी वाटच नव्हती, आणि ते बोलण्याचा हक्क याला होता, हे दोन्ही सिद्ध करा.”

मग तीन मुद्दे. पहिला तिचाच, आणि फार नीट मांडलेला. खोटं हे बांडगूळ आहे. खरं बोलणाऱ्यांच्या झाडावर जगतं. योग्य वाटेल तेव्हा प्रत्येकानं खोटं बोलावं असं ठरलं, तर कुणाच्याच बोलण्याला किंमत राहणार नाही, दयाळू खोट्यालाही नाही. दुसरा, ज्याच्याशी आपण खोटं बोलतो त्याचे निर्णय आपण चोरतो. तो ज्या जगात पावलं टाकतो ते जगच आपण बदलून ठेवलेलं असतं. तिसरा त्यानं सुचवला. अपवादाचा न्यायाधीश कोण? खोटं बोलणाराच. स्वतःच आरोपी, स्वतःच पंच, आणि पीडिताला खटला चालू आहे हेसुद्धा ठाऊक नाही. हे वाक्य सुचल्यावर तो खूश झाला आणि खोलीत एक फेरी मारून आला. खुर्चीतून आई म्हणाली, “हे छान आहे. हे लिहून घे गं.”

आणि क्षम्य व समर्थनीय यांतला फरक. तो त्याचा हुकमी पत्ता होता. “विपक्ष तुला दारातला मारेकरी दाखवेल. हातात सुरा, तुझा मित्र आत लपलाय, मारेकरी विचारतो, आहे का घरात? तू आधी म्हण की दार लावता येतं, ओरडता येतं, ‘सांगत नाही’ म्हणता येतं. ते म्हणतील, भेदरलेला माणूस पटकन खोटंच बोलेल. तेव्हा मागे हटायचं नाही आणि हेकटपणाही करायचा नाही. म्हणायचं, बोलेल, आणि आपण त्याला क्षमा करू. पण क्षमा चुकीलाच करतात. बरोबर वागणाऱ्याला कुणी क्षमा करत नाही. तुम्ही क्षमा मागता तिथेच माझी बाजू मान्य करता.”

तोफेनं पेन खाली ठेवलं. “सर, हे भारी आहे.”

संध्याकाळी ती गेली की तो आईला चहा द्यायचा. गुरुवार असला तर धाकट्या भावाचा संदेशही वाचून दाखवायचा. धाकटा मालवाहू जहाजावर इंजिनाकडे कामाला होता. जहाजावर फोन लागत नाही, कंपनीच्या यंत्रावरून आठवड्याला चार ओळी पाठवता येतात, असं थोरल्यानंच आईला सांगितलं होतं. त्या ओळी तो स्वतःच बुधवारी, कॉलेजात, तासांच्या मधल्या वेळात लिहायचा. धाकट्याला जाऊन चौदा महिने झाले होते. आईच्या ऑपरेशनचा सहावा दिवस होता; बंदरात उभ्या जहाजाच्या तळाशी उतरताना शिडीवरून पाय सुटला. डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस तरी कसलाही धक्का नको. ताई दुसऱ्या गावाहून येऊन दवाखान्यात बसली आणि ‘पेपर तपासायला जातोय’ असं आईला सांगून तो बंदरावर गेला. तिथे एका सहीच्या कागदावर ‘नाते’ या रकान्यात त्यानं ‘भाऊ’ लिहिलं आणि पुढचे सगळे सोपस्कार एकट्यानं उरकले. दोन दिवसांनी परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला धुराचा वास येत होता. आई म्हणाली, “कुठे बसवलं होतं रे पेपर तपासायला, स्वयंपाकघरात?” ताई बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली. तो हसला. त्या हसण्यातच सगळं सुरू झालं.

आठ-दहा दिवसांचं खोटं होतं ते. पण खोट्याला वय नसतं, मुदत नसते. टाके दुखत होते तोवर सांगणं बरं दिसलं नसतं. टाके सुकले तेव्हा डोळ्यांचं निघालं. डोळ्यांची सवय झाली तोवर आई त्या गुरुवारांवर जगू लागली होती. ताई फोनवर म्हणायची, “तूच बघ बाबा, तू म्हणशील तसं.” आणि त्याचा हात बसला होता. धाकट्याचं घिसाडघाईचं बोलणं, ‘अगं ऐक ना’ अशी सुरुवात, शेवटी एखादा पाचकळ विनोद. सुरुवातीला लिहिताना तो एकेक ओळ चार वेळा खोडायचा. मग नुसती कंटाळवाणी जबाबदारी झाली. मग, याला दिवस कुठला ते सांगता येणार नाही, त्यात सोय दिसू लागली. आई गोळ्या घ्यायला कुरकुर करायची. धाकट्यानं लिहिलं, गोळ्या घे. आतल्या खोलीतला धाकट्याचा पलंग आई हलवू देत नव्हती. धाकट्यानं लिहिलं, पलंग काढ आणि दादाला तिथे पुस्तकांचं कपाट लावू दे. आई लगेच कबूल झाली. धाकट्याच्या बाबतीत तिचं पहिल्यापासून असंच होतं. थोरला शंभर वेळा सांगेल ते धाकट्यानं एकदा सांगायचं. आणि बाहेरच्या खोलीची सफेदी झाली त्या आठवड्यात त्यानं लिहिलं होतं, ‘दादा तुझं किती करतो आई, मी असतो तर माझ्याच्यानं झालं नसतं.’ हे वाचून दाखवताना त्याचा आवाज किंचित भरून आला होता. मेलेल्या भावाच्या तोंडून त्यानं स्वतःची पाठ थोपटून घेतली, आणि आई म्हणाली, “खरं आहे रे त्याचं,” तेव्हा त्याला मनापासून बरं वाटलं होतं.

गुरुवारी रंगीत तालीम होती. त्यानं विपक्ष व्हायचं आणि तोफेनं खंडन करायचं. आई खुर्चीत ताठ बसली, मांडीवर वाटी. ऊन कपाटाच्या काचेवरून फिरून भिंतीवर आलं होतं. दारातला मारेकरी तोफेनं दोन मिनिटांत झोपवला. ‘भाजी कशी झालीय’ विचारणाऱ्या बायकोला नवऱ्यानं काय सांगायचं, याला ती म्हणाली, “‘मीठ कमी आहे, पण तू केलीस म्हणून खातोय.’ दोन्ही खरं.” आई खुदकन हसली. शत्रूच्या गोटातला हेर, लहान मुलाला इंजेक्शन दुखणार नाही सांगणारी नर्स, एकेक करून तिनं सगळे कापून काढले. “दुखणार नाही म्हणालात तर ते मूल पुढच्या वेळी दवाखान्याच्या दारातच रडेल. ‘मुंगी चावल्यासारखं दुखेल, दहा मोज’ म्हणा.” त्याला तिचं कौतुक वाटत होतं आणि त्याचबरोबर काहीतरी खुपत होतं. सतरा वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्यानं त्याला असं भिंतीला टेकवलं नव्हतं. हरणं त्याच्या अंगात नव्हतं, खोटंखोटं हरणंसुद्धा.

“ठीक,” तो म्हणाला. “आता खरं उदाहरण. एक बाई आहे. हृदयाचं ऑपरेशन झालंय. सहाव्या दिवशी तिचा भाऊ दूर कुठेतरी अपघातात जातो. डॉक्टर म्हणतात, दहा दिवसांत धक्का बसला तर बाई हाताला लागणार नाही. ती विचारते, त्याचा फोन आला का?”

‘भाऊ’ म्हणताना त्याला आपल्या चलाखीचं समाधान वाटलं. एवढा बदल पुरेसा होता.

“गप्प राहायचं,” तोफ म्हणाली.

“गप्प बसलं की ती ओळखेल.”

“मग म्हणायचं, ‘आत्ता त्याच्याबद्दल विचारू नका, बऱ्या झालात की सांगते.’”

“म्हणजे तेच. धसक्यानं मेली तर?”

तोफ थबकली. “तर ते वाईट होईल. पण तिला फसवलेलं नसेल.”

“हे लंगडं आहे. परीक्षक इथे गुण कापतील. बाई मेली आणि तुझं तत्त्व जगलं, असं समोरचा म्हणेल आणि टाळ्या घेईल.” त्याला जिंकल्याचा सूर सापडला. “बोल.”

ती खोलीत इकडून तिकडे गेली. मग थांबली आणि तिनं मान वर केली. ही तिची नेमकी लकब होती, तोफ डागायच्या आधीची. “बरं. दहा दिवस क्षम्य धरले. क्षम्य, समर्थनीय नाही. आता मी विचारते, तुम्ही उत्तर द्या. अकराव्या दिवशी बाईला काय सांगितलं?”

“अकराव्या दिवशी टाके दुखत होते.”

“महिन्यानं?”

“महिन्यानं डोळ्यांचं निघालं.”

“कुणाच्या डोळ्यांचं?” तिनं विचारलं, पण उत्तरासाठी थांबली नाही, ती वेगात होती. “सहा महिन्यांनी?”

“सहा महिन्यांनी तिचा सगळा जीव त्या संदेशांत होता. ते काढून घेतले असते तर तिच्याजवळ राहिलं काय असतं? तू चौकटीबाहेर येऊन बघ जरा. तिला आनंद होत होता. गुरुवारी ती केस विंचरून बसायची—”

“संदेश?” तोफ म्हणाली. “मेलेल्या माणसाचे? मग लिहायचं कोण, सर?”

खोलीत रस्त्यावरच्या रिक्षेचा आवाज आला आणि गेला. त्याचं लक्ष एकदम गेलं की पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली आहेत आणि वाटी वाजलेली नाही. सात होऊन गेली आहेत. आईचा चमचा वाटीच्या वर, हवेत, तसाच धरलेला होता. केस विंचरलेले होते. तिनं मान जरा वाकडी केली, माणसाला पाहायचं असलं की ती करायची तशी, डाग बाजूला सारून कडेनं बघायला.

“कधी?” आई म्हणाली.

“आई, उदाहरण आहे ते. वादविवादातलं.”

“हो का? उदाहरणाचं नाव काय?”

गप्प राहणं कुंपणाबाहेर असतं, हे त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. तोफेनं आपले कागद गोळा केले. “आजी, मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज तिच्या देहाएवढा झाला होता. ती दाराकडे वळली.

“बस तू,” आई म्हणाली. “तुझा काय दोष? तू तर नीट विचारलंस. लिहायचं कोण, ते त्याला सांगू दे.”

आणि त्यानं ते तोफेसमोर सांगितलं.

आई रडली नाही. तो वाट पाहत राहिला, त्या रात्री, दुसऱ्या दिवशी. रडली असती तर त्याला तिच्या पाठीवरून हात फिरवता आला असता. त्याऐवजी तिनं चौकशी लावली. भाजी निवडावी तशी ती एकेक दिवस उचलून पाहत होती. “तो गेला त्या दिवशी मी काय करत होते?” त्याला आठवत होतं. त्या दिवशी ती नर्सचा हात सोडून पहिल्यांदा व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालली होती. नर्सनी टाळ्या वाजवल्या होत्या. “आणि मी तुला म्हटलं, फोटो काढ, धाकट्याला पाठव.”

“हो.”

“पाठवलास?”

“पाठवला.”

“तेव्हा तुला ठाऊक होतं?”

“तासाभरापूर्वी कळलं होतं.”

“हसत होते मी फोटोत?”

“हो.”

“किती? दात दिसत होते?”

“हो, आई.”

तिनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग दुसरा प्रश्न. कोण होतं शेवटी? तोंड नीट होतं का? तू त्याला हात लावलास की लांबूनच? तो सगळ्याची उत्तरं देत गेला, खरी, काटेकोर, आणि प्रत्येक उत्तरानंतर ती पाच-दहा मिनिटं खिडकीकडे तोंड करून बसायची. त्याला वाटलं, आता तरी आपण खरं बोलतोय. पण शुक्रवारी तिनं वेळ विचारली, तो म्हणाला, साडेचार, आणि ती भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेली, वरच्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारून म्हणाली, “किती वाजले हो?” काकू म्हणाल्या, साडेचार. “बरं,” आई म्हणाली आणि परत येऊन बसली. गोळ्यांची पाकिटंही त्याच्या हातून घेईना. औषधवाल्या माणसाला वर बोलावून तिनं त्याच्याकडून एकेक नाव वाचून घेतलं. हे ती रागानं करत नव्हती, तेच त्याला सहन होत नव्हतं. पाय मोडलेल्या माणसानं काठी घ्यावी तसं ती करत होती.

तोफ येईल असं त्याला वाटलं नव्हतं. पण शुक्रवारी कॉलेजातून परतला तेव्हा जिन्यात ती उतरताना भेटली. “आजींकडे आले होते,” ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता. काय बोलणं झालं ते त्यानं विचारलं नाही. विचारण्याचा हक्क कुठे सोडून आलो, हे त्याला पुरतं माहीत होतं.

शनिवारी दुसऱ्या कॉलेजच्या सभागृहात तो मागून चौथ्या रांगेत बसला. प्रशिक्षकानं पुढे बसायचं नाही असा त्याचा नियम होता. खुर्च्यांचं रेक्झिन घामानं पाठीला चिकटत होतं. तीन परीक्षक, पुढ्यात तक्ते : मांडणी, तर्क, खंडन, भाषा. तोफेनं सुरुवात छान केली. व्याख्या, ओझं, बांडगूळ. तिसऱ्या मुद्द्याला ती म्हणाली, “स्वतःच आरोपी, स्वतःच पंच,” आणि सभागृहात ‘वा’ झालं, आणि स्वतःचं वाक्य परक्यासारखं अंगावर येऊन आदळताना त्यानं ऐकलं. मग विपक्षाचा मुलगा उठला. चष्मा, इस्त्रीचा सदरा, गोड आवाज. मारेकरी, हेर, आणि अखेर तेच, जे येणारच होतं. “समजा, आजारी आई आहे. तिला सांगू नका, असं डॉक्टर म्हणतात. माझ्या सन्माननीय प्रतिस्पर्धी तिला मारून सत्याचा झेंडा रोवणार का?” टाळ्या पडल्या. खंडनाची तीन मिनिटं. तोफ माइकपासून दोन पावलं मागे सरकली. तिला माइक लागत नसे.

“अशी एक आई मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तिनं सांगायला परवानगी दिलीय म्हणून सांगते. तिचा मुलगा गेला, आणि चौदा महिने दुसरा मुलगा त्याच्या नावानं तिला पत्रं लिहीत राहिला. माझे मित्र म्हणतील, चौदा महिने सुखाचे गेले की! मी तिला हेच विचारलं. ती म्हणाली, ‘सुख कसलं? मी त्याच्यावर रागावले होते. म्हटलं, आईचं काळीज फाडून शिवलं, डोळे गेले, आणि याला एकदा आवाज ऐकवायला वेळ नाही. नुसत्या चार ओळी. एके दिवशी मी मनात म्हटलं, जा, तू मला मेलास. तेव्हा तो मरून सात महिने झाले होते.’” तोफ एक पाऊल पुढे आली. “दुःख कुणाला चुकलंय? ते तिला करायचंच होतं, ती करणारच होती. खोट्यानं तिचं दुःख वाचलं नाही. खोट्यानं फक्त तिच्या रागाला चुकीचा माणूस दिला. आपल्या मेलेल्या मुलाला शिव्या घालायला लावणारी दया मला समर्थनीय वाटत नाही.”

चष्मेवाल्या मुलाला एक प्रश्न विचारायचा होता. तो चाणाक्ष होता. “तुम्हीच म्हणालात, क्षम्य वेगळं आणि समर्थनीय वेगळं. मग त्या आईनं त्या मुलाला क्षमा केली का?”

तोफेनं एकदाच मागून चौथ्या रांगेकडे पाहिलं. “त्यानं अजून मागितलेली नाही,” ती म्हणाली.

निकाल लागायला अर्धा तास लागला. पहिला क्रमांक, खंडनाला पंचवीसपैकी चोवीस. टाळ्या वाजवताना त्याचे तळहात बधिर झाले. करंडक घेऊन तोफ खाली आली तेव्हा तो म्हणाला, “उत्तम झालं.” ती म्हणाली, “थँक्यू, सर.” सतरा वर्षांत इतकं चोख काम त्यानं पाहिलं नव्हतं, आणि तो तिला हेही सांगू शकला असता, पण ती मैत्रिणींत शिरली होती.

घरी येईतो त्यानं क्षमेचं वाक्य वीस वेळा जुळवलं. प्रत्येक वेळी ते खोडलं, कारण प्रत्येक वेळी ते चांगलं झालेलं होतं. दारात चप्पल काढताना मात्र त्याला क्षमा आठवलीच नाही. आठवला तो एक फोन. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, धाकट्याचा, बंदरावरून. आई गुंगीत होती. “आईला दे ना फोन,” धाकटा म्हणाला होता, आणि तो म्हणाला होता, “झोपलीय रे,” आणि ते खरं होतं. मग धाकटा म्हणाला, “मग तिला सांग, ही शेवटची खेप. पुढच्या महिन्यात मी कायमचा घरी येतोय. वंगणाचा वास जात नाही रे हातांचा, तिच्या हातचं जेवलो तरी तोच वास येतो. सांग तिला.” त्यानं सांगितलं नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा सांगायला हवं होतं. पण धाकटा कायमचा येणार म्हटल्यावर तिचा चेहरा कसा उजळेल ते त्याला आधीच दिसलं, आणि म्हटलं, दोन दिवस जाऊ देत. नंतर तर सांगणं शक्यच राहिलं नाही. परत येतो म्हटलेल्या माणसाला परत यावं लागलं असतं. चौदा महिन्यांत धाकट्याच्या नावानं साठ संदेश तिच्यापर्यंत पोचले, आणि त्याचा स्वतःचा एक तेवढा राहून गेला.

आई खिडकीशी होती. “जिंकली?” तिनं विचारलं.

“जिंकली.”

“येऊन सांगेलच ती,” आई म्हणाली.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, आणि मग आठवण होऊन थोडा उजवीकडे सरकला, तिला कडेनं दिसावा म्हणून. आणि त्यानं तिला तो फोन सांगितला. काही जोडलं नाही, काही गाळलं नाही. आपण तो का लपवला तेही सांगितलं, तिच्या उजळणाऱ्या चेहऱ्याचंही. वंगणाच्या वासाचंही. आई शेवटपर्यंत ऐकत होती. तिचा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला, एक क्षण त्याच्या डोक्याच्या दिशेनं आला असं त्याला वाटलं, आणि तिनं तो आपल्या पदरावर ठेवला.

“चांगलं लिहिलंयस,” आई म्हणाली. “यात तो अगदी त्याच्यासारखा बोलतो. आधी कधी तुला इतकं जमलं नव्हतं.”